पाण्याच्या टाकीच्या भिंती, भरीव काँक्रीट आणि वर येणारी रिकामी टाकी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोसायटीच्या आवारात जमिनीखाली टाकी बांधायची ठरली की चर्चा लिटर, पंप आणि खर्चाभोवती फिरते. टाकी गळेल का, एवढा एक प्रश्न कुणीतरी विचारतो. रिकामी टाकी पावसाळ्यात वर उचलली जाईल का, हे सहसा कुणी विचारत नाही. इथली उत्तरं त्या दोन प्रश्नांभोवतीच आहेत. हिशेबासाठी सगळीकडे एकच टाकी घेतली आहे: आतून ६ मीटर लांब, ४ मीटर रुंद, पाण्याची खोली अडीच मीटर. म्हणजे ६० हजार लिटरची, मध्यम सोसायटीला पुरणारी टाकी.

इमारतीचा स्लॅब साध्या काँक्रीटचा चालतो, मग टाकीला वेगळं काँक्रीट कशाला?

स्लॅबला फक्त वजन पेलायचं असतं. टाकीच्या भिंतीला वजन पेलून शिवाय पाणी अडवायचं असतं, आणि काँक्रीट मजबूत असलं म्हणजे ते पाणी अडवेलच असं नाही.

सिमेंटला घट्ट होण्यासाठी त्याच्या वजनाच्या साधारण ४० टक्के पाणी पुरतं. त्याहून जास्त घातलेलं पाणी काँक्रीटमध्ये काही काळ जागा अडवून बसतं आणि मग सुकून जातं. मागे उरतात डोळ्यांना न दिसणाऱ्या केसासारख्या नळ्या. पाणी थोडं जास्त असेल तर या नळ्या एकमेकींपासून तुटक राहतात. सिमेंटच्या निम्म्याहून जास्त पाणी गेलं की त्या एकमेकींना जोडल्या जातात आणि भिंतीच्या या बाजूपासून त्या बाजूपर्यंत वाट तयार होते. म्हणून टाकीसाठीच्या भारतीय मानकात, आयएस ३३७० मध्ये, आरसीसीला किमान एम ३० दर्जा, घनमीटरला किमान ३२० किलो सिमेंट आणि पाणी-सिमेंट प्रमाण जास्तीत जास्त ०.४५ असं सांगितलं आहे. ५० घनमीटरपर्यंतच्या लहान टाकीला एम ३० मिळणं कठीण असेल तर एम २५ ची सवलत आहे, पण किनारपट्टीवर ती सवलत नाही. म्हणजे रत्नागिरी, अलिबाग किंवा पणजीच्या माणसाने तिच्याकडे बघूच नये. आणि आपली टाकी ६० घनमीटरची आहे, त्यामुळे तिलाही ती लागू नाही.

०.४५ म्हणजे साइटवर नक्की किती पाणी?

५० किलोच्या एका गोणीला साडेबावीस लिटर. पण हे सगळं पाणी बादलीने घालायचं नसतं, कारण वाळू स्वतःबरोबर पाणी घेऊन येते. पावसात भिजलेल्या वाळूत वजनाच्या ५ टक्के ओलावा सहज असतो. एका गोणीला ८० ते १०० किलो वाळू लागत असेल तर चार-पाच लिटर पाणी न मोजताच मिक्सरमध्ये गेलेलं असतं. मग वरून घालायला साडेसतरा-अठरा लिटरच उरतात. एवढ्या पाण्यात माल जाड वाटतो, पंपातून नीट जात नाही, मिस्त्री कुरकुर करतो आणि कुणीतरी हळूच अर्धी बादली ओततो. एका गोणीमागे पाच लिटर जास्त गेले तर प्रमाण ०.५५ होतं आणि टाकीचा मूळ हेतूच संपतो.

माल पातळ हवा असेल तर प्लास्टिसायझर घाला, पाणी नको. रेडीमिक्सची गाडी आली असेल तर ड्रममध्ये पाणी घालायला परवानगी नाही, हे ड्रायव्हरला आणि आपल्या माणसालाही आधीच सांगून ठेवा. जास्तीत जास्त सिमेंट घातलं म्हणजे काम चोख, असाही समज आहे. घनमीटरला ४०० किलोच्या वर सिमेंट गेलं की भिंत सुकताना जास्त आकसते, आणि आकसलेली भिंत चिरते.

काँक्रीट उत्तम असूनही टाक्या गळतात. पाणी जातं कुठून?

बहुतेक वेळा काँक्रीटच्या अंगातून नाही, तर सांध्यातून. तळाचा स्लॅब एका दिवशी भरला जातो आणि भिंत काही दिवसांनी. जिथे दोन्ही भेटतात तिथे वर दुधट, कच्ची साय असते. तिच्यावरच नवीन माल ओतला की तो कधीच एकजीव होत नाही. योग्य पद्धत अशी: तळाबरोबरच भिंतीचा १०० ते १५० मिलिमीटर उंचीचा भाग भरून घ्यायचा, त्यात पीव्हीसीची वॉटरस्टॉप पट्टी अर्धी रुतवायची, आणि पुढची भिंत भरण्याआधी सांध्याचा वरचा थर टोचून, खडी उघडी पडेपर्यंत, काढून धुवायचा. पट्टी वाकडी पडली किंवा तारेने गजाला बांधली नाही तर माल भरताना ती दुमडते आणि बाहेरून कुणालाच कळत नाही.

दुसरी जागा फॉर्मवर्क बांधणाऱ्या तारा आणि बोल्ट यांची. भिंतीतून आरपार गेलेली तार म्हणजे पाण्याला दिलेली सरळ नळीच, म्हणून टाकीत आरपार तारा वापरत नाहीत. मधोमध पाणी अडवणारी चकती असलेले बोल्ट वापरतात.

तिसरी जागा हनीकोंब, म्हणजे खडी उघडी राहून मधे पोकळ्या पडलेला भाग. आपल्या टाकीची भिंत २५० मिलिमीटर जाड आहे. दोन्ही बाजूंना गजावरचा ४५ मिलिमीटर काँक्रीटचा थर, म्हणजे कव्हर, आणि गजांच्या दोन जाळ्या वजा केल्या की मधे सुमारे १२० मिलिमीटर जागा उरते. तिथे माल हलवून दाबून बसवणाऱ्या व्हायब्रेटरची ४० मिलिमीटरची नीडल जाते. भिंत १५० मिलिमीटरची ठरवली तर नीडल जाळ्यांमधून उतरतच नाही, माल अडकतो आणि खाली पोकळ्या राहतात. भिंत पातळ करून वाचवलेलं काँक्रीट पुढे वॉटरप्रूफिंगवाल्याला देताना किती महाग पडतं, हे गळकी टाकी असलेली कुठलीही सोसायटी सांगेल. माल एका वेळी ३०० ते ४५० मिलिमीटरच्या थरात टाकून नीडल खालच्या थरात शंभरेक मिलिमीटर उतरली पाहिजे, म्हणजे दोन थर शिवले जातात.

जमिनीखालच्या टाकीच्या भिंतीत दोन्ही बाजूंना गज का लागतात?

कारण तिच्यावर जोर दोन उलट दिशांनी येतो. टाकी भरलेली आणि बाहेर माती नाही, जसं चाचणीच्या वेळी असतं, तेव्हा पाणी भिंत बाहेर ढकलतं. टाकी रिकामी आणि बाहेर ओली माती व पाणी, तेव्हा भिंत आत ढकलली जाते. कोणत्या बाजूला ताण येईल हे बदलत राहतं, म्हणून गज दोन्हीकडे.

गच्चीवरच्या किंवा खांबांवरच्या टाकीला बाहेरून ढकलणारं काही नसतं. गोल टाकीची भिंत मात्र पाण्यामुळे परिघाच्या दिशेने ताणली जाते. व्यास ८ मीटर आणि पाणी ४ मीटर खोल असेल तर तळाजवळ मीटरभर उंचीच्या पट्टीत सुमारे १६ टनांचा ताण येतो. हा ताण कड्यासारख्या गजांनी घ्यायचा असतो, कारण काँक्रीट ताणाला कमजोर असतं. चिरा येणारच. ध्येय एवढंच की त्या ०.२ मिलिमीटरच्या आत राहाव्यात. इतक्या बारीक चिरेत पाण्यात विरघळलेला चुना पांढरा थर होऊन बसतो आणि काही आठवड्यांत चीर बहुधा आपोआप बुजते. बाहेरच्या अंगावर दिसणारी ती पांढरी रेघ म्हणजे लगेच धावाधाव करण्याचं कारण नाही. रेघ ओली राहून वाहू लागली तर मात्र आहे.

ओव्हरहेड टाकीत गंज आधी कुठे धरतो?

छताच्या स्लॅबच्या खालच्या बाजूला, हे बरेच जण चुकतात. लोक भिंतीवर बॅटरी मारून बघतात आणि वर बघत नाहीत. पाण्याखाली बुडालेल्या भिंतीला ऑक्सिजन कमी मिळतो, त्यामुळे तिथला गज हळू गंजतो. छताच्या खाली मात्र दिवसा वाफ जमते, रात्री थेंब लटकतात, पाण्यातला क्लोरीनही तिथे पोचतो, आणि हे दररोज चालू असतं. तिथलं कव्हर पातळ आणि काँक्रीट सच्छिद्र असेल तर गज फुगतो आणि खालचे पापुद्रे पाण्यात पडतात. टाकी धुताना तळाला काँक्रीटचे चपटे तुकडे सापडले तर मान वर करून छत बघा.

टाकी गळत नाही हे कसं ठरवायचं?

टाकी काठोकाठ भरून सात दिवस तशीच ठेवायची, कारण कोरडं काँक्रीट आधी पाणी शोषतं. त्यानंतर आणखी सात दिवस पातळी मोजायची. जमिनीखालच्या, वरून झाकलेल्या टाकीत या सात दिवसांत पातळी ४० मिलिमीटरपेक्षा जास्त उतरली नाही तर टाकी पाणबंद मानली जाते. उघड्या अंगाच्या ओव्हरहेड टाकीत निकष सोपा: बाहेरून कुठेही ओल दिसता कामा नये.

जमिनीखालच्या टाकीची चाचणी बाजूची माती भरण्याआधीच करा. गळती नेमकी कुठे आहे हे तेव्हाच डोळ्यांनी दिसतं. शिवाय पाणी भरलेलं असताना टाकी वर येत नाही, हा फायदा वेगळाच.

वर येते म्हणजे काय? एवढी काँक्रीटची टाकी तरंगेल कशी?

पाण्यात दाबून धरलेलं रिकामं पातेलं हात सोडताच वर येतं, तसंच. टाकीने जेवढं पाणी बाजूला सारलं तेवढ्या पाण्याच्या वजनाचा धक्का तिला खालून वर बसतो. टाकीचं वजन त्याहून कमी असेल तर ती उठणारच.

आपल्या टाकीचा हिशेब करू. तळ ३०० मिलिमीटर जाड, भिंती २५० मिलिमीटर, आतली उंची २.८ मीटर, छत १५० मिलिमीटर. बाहेरून टाकी ६.५ बाय ४.५ मीटर, म्हणजे तिचं क्षेत्र २९.२५ चौरस मीटर. तळ आणि भिंती मिळून काँक्रीट साधारण २३.५ घनमीटर, म्हणजे सुमारे ५८.७ टन. छत धरलं तर ६९.७ टन.

आता बाहेरच्या खड्ड्यात पाणी किती चढलं तर टाकी उठेल? वजनाला क्षेत्राने भागा. छत नसलेली टाकी तळाच्या खालच्या पातळीपासून मोजून २ मीटर पाण्यात उठते. छत असलेली, २.४ मीटर पाण्यात. टाकीची एकूण उंची सव्वातीन मीटर आहे आणि तिचं छत जमिनीच्या बरोबरीत आहे. म्हणजे पाणी जमिनीपर्यंत येण्याच्या बरंच आधी ती सुटते.

आमच्या भागात विहिरीला पाणी ४० फुटांवर आहे. आम्हाला ही भीती का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो आणि त्यातच घोळ आहे. टाकी विहिरीच्या पाण्याने उठत नाही, खड्ड्यातल्या पाण्याने उठते. काळ्या पाषाणात किंवा घट्ट मुरमात खणलेला खड्डा म्हणजे तळाला छिद्र नसलेला हौद. कामासाठी भिंतीभोवती अर्धा मीटर जागा मोकळी ठेवलेली असते आणि तिच्यात पाऊस साचतो. ती जागा नंतर सैल भरावाने भरली तरी पाणी त्यातून खाली उतरतं आणि तळाशी अडकून राहतं.

किती पाणी लागतं बघा. अर्ध्या मीटरच्या त्या पट्टीचं क्षेत्र १२ चौरस मीटर. २ मीटर खोल भरायला २४ हजार लिटर, म्हणजे १० हजार लिटरचे अडीच टँकर. टाकीचं वजन जवळपास ५९ टन आणि तिला उचलणारं पाणी २४ टन, हे ऐकून लोक मान हलवतात. पण धक्का पाणी किती आहे यावर नाही, किती खोल आहे यावर ठरतो. २४० चौरस मीटर आवारातून १०० मिलिमीटर पाऊस खड्ड्याकडे वाहिला की एवढं पाणी जमतं, आणि कोकणात किंवा घाटमाथ्यावर तो एका दिवसाचा पाऊस आहे. तळाखाली फार पाणी असावं लागतं असंही नाही. तळ आणि त्याखालचा साध्या काँक्रीटचा थर, म्हणजे पीसीसी, यांच्यामधे पाण्याचा पातळ पापुद्रा शिरला तरी दाब पूर्ण लागतो.

बांधकाम चालू असताना धोका जास्त असतो का?

हो. छत नाही, भराव नाही, टाकी आतून कोरडी, आणि जून जवळ आलेला. मे महिन्यात भिंती भरल्या, छताचं काम जुलैत करू, अशी योजना असेल तर टाकी मधल्या काळात पाण्याने भरून ठेवा. बाहेर पाणी टाकीच्या भिंतीच्या काठापर्यंत, म्हणजे ३.१ मीटर चढलं तर आतमध्ये फक्त तोल राखायला १.३३ मीटर पाणी हवं. सुरक्षिततेसाठी वजन धक्क्याच्या १.२ पट धरलं तर २.१ मीटर. भिंतीच्या खालच्या भागात झडप किंवा भोक ठेवून बाहेरचं पाणी आपोआप आत येऊ द्यायचं, हाही चांगला उपाय आहे. नंतर ते भोक नीट बुजवायला मात्र विसरू नका. खड्ड्यात पंप ठेवलाय, हे उत्तर पुरेसं नाही, कारण जोराच्या पावसातच वीज जाते.

कायमचा उपाय काय? तळ जाड केला की झालं का?

तळ जाड करणं सगळ्यांना सुचतं आणि तेच महाग पडतं. जमिनीपर्यंत पाणी धरलं तर वरचा धक्का ९५ टन. १.२ पट सुरक्षिततेसाठी वजन ११४ टन हवं आणि आहे ६९.७. तूट साधारण ४४ टन. पण तळाखाली वाढवलेलं काँक्रीटही पाण्यात बुडतं, त्यामुळे १.२ पट सुरक्षितता धरली तर त्याच्या अडीच टनांतले तरंगण्याच्या हिशेबात फक्त १.३ टनच कामी येतात. तळ आणखी १.१७ मीटर जाड करावा लागेल, म्हणजे सुमारे ३४ घनमीटर काँक्रीट. टाकीपेक्षा तळच मोठा.

त्यापेक्षा तळ चारही बाजूंनी ६०० मिलिमीटर बाहेर काढा. त्या पट्टीवर बसलेली माती टाकीला दाबून धरते. पट्टीचं क्षेत्र १४.६ चौरस मीटर, वर जवळपास ३ मीटर माती. पाण्यात बुडालेल्या मातीचं परिणामी वजन घनमीटरला ०.९ टन धरलं तरी ३९ टन मिळतात. पट्टीच्या काँक्रीटचे ११ टन. एकूण साधारण ११९.६ टन खाली, तर वाढलेला धक्का ९९.५ टन. गुणोत्तर १.२. ३०० मिलिमीटरची पट्टी काढली तर बेरीज धक्क्याहून कमीच राहते, म्हणून अर्धवट करू नका. या पट्टीला वरच्या बाजूला गज लागतो, कारण ती मातीच्या भाराने खाली वाकते. भराव तुडवून भरलेला असेल हे गृहीत आहे. भरावाचं भिंतीशी होणारं घर्षणही मदत करतं, पण ते हिशेबात धरू नये.

टाकी इमारतीखाली असेल आणि खांब तिच्यावर किंवा तिच्याशी जोडलेले असतील तर इमारतीचं वजन तिला दाबून ठेवतं. तेव्हाही तळाचा स्लॅब वर फुगून चिरू शकतो, कारण जमिनीपर्यंत पाणी चढलं तर त्याच्या प्रत्येक चौरस मीटरवर सव्वातीन टन दाब खालून येतो. तळालाही वरच्या बाजूने गज हवा.

जुन्या टाकीसाठी काय करता येईल?

टाकीशेजारी भरावात, तळाच्या पातळीपर्यंत, १०० मिलिमीटर व्यासाचा छिद्रं पाडलेला पीव्हीसी पाइप उभा करा आणि वर झाकण द्या. दोरीला वजन बांधून सोडलं की खड्ड्यातलं पाणी कुठपर्यंत आहे ते कळतं. आपल्या टाकीसाठी, सुरक्षितता धरून, पाणी तळापासून २ मीटरच्या वर, म्हणजे जमिनीपासून सव्वा मीटरच्या आत असेल, तर टाकी पूर्ण रिकामी करायची नाही. तुमच्या टाकीचा आकडा वेगळा असेल, इंजिनिअरकडून काढून घ्या आणि झाकणाच्या आत रंगाने लिहून ठेवा.

धुणं एप्रिल-मेमध्ये करा. पावसाळ्यात करावंच लागलं तर आधी पाइपातलं पाणी बघा. जमिनीखाली बसवायच्या प्लास्टिकच्या किंवा फायबरच्या टाक्या तर इतक्या हलक्या असतात की त्यांना काँक्रीटच्या पट्ट्याशी बांधल्याशिवाय पावसाळ्यात रिकामी करणं धोक्याचं आहे.

आतून वॉटरप्रूफिंग केलं की बाहेरचं पाणी येणार नाही ना?

आतला लेप टाकीतल्या पाण्यासाठी चांगला, कारण ते पाणी त्याला भिंतीवर दाबतं. टाकी रिकामी झाली की बाहेरचं पाणी लेपाला मागून ढकलतं आणि तो फोडासारखा फुगतो. टाइल्स सुटण्याचं कारणही हेच. बाहेरून जलरोधक थर द्यायचा असेल तर भराव भरण्याआधीच. आणि टाकीजवळून ड्रेनेजची लाइन किंवा सेप्टिक टाकी असेल तर हा विषय फक्त गळतीचा राहत नाही. पातळी खाली असताना बाहेरचं घाण पाणी आत येऊ शकतं. पावसाळ्यात, पाणी कपातीच्या दिवसांत पिण्याच्या पाण्याला वास येऊ लागला तर हे आधी तपासा.

टाकी वर आलीच तर?

आधी खुणा: जमीन आणि टाकीच्या काठामधे फट, झाकण नेहमीपेक्षा उंच, एका कोपऱ्याचा कल, जोडलेले पाइप खेचून तुटलेले. टाकी क्वचितच सरळ उठते, बहुतेक वेळा तिरकी.

पहिली चूक म्हणजे घाईने बाहेरचं पाणी उपसणं. टाकी उठल्यावर तळाखाली चिखल आणि सुटलेला भराव घुसलेला असतो. पाणी भराभर ओढलं तर ती त्यावर वेडीवाकडी बसते आणि तळ मोडतो. आधी सगळे पाइप सोडवा, चारही कोपऱ्यांच्या पातळ्या लेव्हलने घेऊन लिहून ठेवा, मग पाणी सावकाश उतरवा आणि उतरताना पातळ्या घेत राहा. कल थोडा असेल आणि चिरा नसतील तर तळाखालची पोकळी सिमेंट ग्राउटने भरून टाकी वाचते. तळात आरपार चीर असेल तर ग्राउटवर पैसे घालण्याआधी नव्या टाकीचा अंदाज मागवून दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघा.